चेहऱ्याबरोबर टोपीही शिकलेला लोरा : दुरुस्ती कुठून सुरू करायची

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचा आजार हाच आहे का ते कळेल. एका माणसाचे, त्याच्या परवानगीनं घेतलेले दहा-पंधरा फोटो देऊन तुम्ही लोरा, म्हणजे चित्रं काढणाऱ्या एआय मॉडेलला जोडायची छोटी फाईल, ट्रेन केला. चेहरा छान येतो, घरचे लगेच ओळखतात. पण निळा सूट मागा, डोक्यावर तीच पांढरी टोपी. रेल्वे प्लॅटफॉर्म मागा, मागे केळीची पानं. बसलेला माणूस मागितला तरी तो उभाच, फोटोत होता तसा खांदा थोडा वळवून. कातडी मेणासारखी चकचकीत दिसते. आणि चित्रात आजूबाजूला चार माणसं मागितली की चौघांचाही चेहरा तोच.

यातली दोन-तीन लक्षणं जुळत असतील तर पुढे वाचा. चेहराच येत नसेल तर तुमचा त्रास उलटा आहे. तेव्हा आधी `network_alpha` हा ट्रेनिंगचा आकडा किती आहे ते पाहा, कारण न सांगितल्यास तो १ धरला जातो आणि शिकणं फार मंद होतं. त्यावर इथं जास्त लिहीत नाही.

मी जळगावात छोटा स्टुडिओ चालवतो. लग्नसराई संपली की एकसष्टी, पंच्याहत्तरीचे अल्बम करून देतो. ही टोपीची भानगड माझ्याकडे इतक्यांदा आली आहे की आता तपासायचा क्रम ठरून गेला आहे. सगळं चित्रांचं एसडीएक्सएल मॉडेल, ट्रेनिंगचं `sd-scripts` आणि १२ जीबीचं ग्राफिक्स कार्ड धरून सांगतो. उदाहरण चोपडा तालुक्यातल्या माझ्या मामांचं घेतो. त्यांची एकसष्टी होती आणि फोटो १४ होते. सगळे एकाच दुपारी, त्यांच्याच केळीच्या बागेत, पांढरी टोपी आणि पांढरा सदरा घालून काढलेले. फोटो शिकवायला वापरायचे, चित्रं फक्त अल्बमला लावायची आणि नंतर सगळं पुसायचं, असं कागदावर लिहून त्यांची सही घेतली होती. मामांनी हसत सही केली, पण कागद पूर्ण वाचून मग केली.

आधी हे का होतं

ट्रेनिंग करताना मॉडेलला फोटोत नॉइज मिसळून देतात आणि तो नॉइज ओळखायला लावतात. ओळख चुकली की लोरातले आकडे जरासे हलतात. या सगळ्यात चेहरा कुठला आणि टोपी कुठली, हे त्याला कोणीच सांगत नाही. १४ पैकी १४ फोटोंत जे जे आहे, ते शिकून चूक कमी होते. मामांचं नाक १४ फोटोंत आहे आणि टोपीही १४ फोटोंत आहे. मॉडेलच्या लेखी दोन्ही सारखंच मामांचं अंग. पुढची प्रत्येक तपासणी ही गाठ कशी सोडवायची, एवढ्यासाठीच आहे.

१. काही न शिकवता : वजन आणि जुना इपॉक

याला पैसे लागत नाहीत, दहा मिनिटं लागतात. ट्रेनिंग करताना दर इपॉकची, म्हणजे सगळ्या फोटोंच्या दर फेरीची, फाईल ठेवली असेल, तर नुसती शेवटची न घेता चौथी, सहावी, आठवी आणि दहावी घ्या. प्रत्येक फाईल ०.६, ०.८ आणि १.० वजनावर चालवा. वजन म्हणजे चित्र काढताना लोराचा प्रभाव किती ठेवायचा तो आकडा. सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, एकच ठेवा, प्रॉम्प्टही एकच. बारा चित्रं होतील, ती एका पानावर शेजारी लावून पाहा.

सीड एकच का, तर तो बदलला की चित्र तसंही बदलतं आणि फरक लोरामुळे पडला की नशिबानं, हे कळत नाही. दहाव्या इपॉकला टोपी पक्की आहे, पण सहाव्याला ०.८ वजनावर डोकं उघडं येतंय आणि माणूस ओळखू येतोय, तर काम झालं. तीच फाईल वापरा. माझ्याकडे आलेल्या निम्म्या लोकांचं काम इथंच संपतं, कारण त्यांनी कायम शेवटचीच फाईल वापरलेली असते. जास्त शिकवलं म्हणजे जास्त चांगलं, असा त्यांचा समज असतो. लॉसच्या, म्हणजे ट्रेनिंगमध्ये दिसणाऱ्या चुकीच्या मापाच्या, आकड्यावर विश्वास ठेवू नका. प्रत्येक पायरीला नॉइज कमी-जास्त मिसळला जातो, म्हणून तो आकडा तसाही वरखाली उड्या मारतो. निवड डोळ्यांनीच करायची.

इथं एक चूक सगळे करतात. प्रॉम्प्टमध्ये `no cap` लिहितात. मॉडेलला त्यातला नकार नीट कळत नाही, `cap` तेवढं कळतं आणि टोपी आणखी घट्ट बसते. `cap, hat` हे निगेटिव्ह प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे नको त्या गोष्टींच्या रकान्यात, घाला आणि वर `bald man` किंवा `short grey hair` असं जे हवं ते सरळ मागा.

मामांच्या बाबतीत या पायरीनं केळीची पानं गेली, टोपी राहिली.

२. कॅप्शन वाचली जातायत का

ही तपासणीही फुकट आहे, आणि चूक सापडली की डोक्याला हात लावायची वेळ येते. `sd-scripts` कमांडनं चालवलं आणि काही सांगितलं नाही, तर ते कॅप्शनसाठी, म्हणजे प्रत्येक फोटोच्या वर्णनासाठी, `.caption` अशा शेवटाच्या फाईली शोधतं. आपण सगळे `.txt` लिहितो. मग तुमची मेहनतीनं लिहिलेली चौदाही कॅप्शन बाजूला राहतात आणि ट्रेनिंग बिनबोभाट पूर्ण होतं. सुरुवातीच्या लॉगमध्ये `No caption file found for 14 images` अशी ओळ दिसली तर हेच झालंय.

अशा वेळी फोल्डरच्या नावातले शब्द कॅप्शन म्हणून वापरले जातात. माझं फोल्डर `10_rvkmm man` असं होतं. म्हणजे प्रत्येक फोटो दर इपॉकला दहादा, आणि कॅप्शन सगळ्यांना एकच, `rvkmm man`. आता टोपी, सदरा, केळी, दुपारचं ऊन, सगळं त्या दोन शब्दांच्या माथी बसणार नाही तर कुठं बसणार?

तिथंच आणखी एक गोष्ट पाहा. लेटंट, म्हणजे मॉडेलनं आकड्यांत दाबलेली फोटोची प्रत, डिस्कवर साठवण्याचा पर्याय चालू असेल, तर फोटोंच्या शेजारी त्याच नावाच्या `.npz` फाईली तयार होतात. नंतर तुम्ही फोटो दुरुस्त केला, पण नाव आणि माप तेच ठेवलं, तर जुनी `.npz` तशीच उचलली जाऊ शकते. फोटो नवा, शिकवणी जुनी. फोटोला हात लावला की त्या फाईली पुसायच्या, ही सवयच लावून घ्या.

३. कॅप्शनमध्ये काय लिहायचं आणि काय गाळायचं

इथं खर्च फक्त वेळेचा आहे, म्हणजे लिहायला अर्धा तास आणि पुन्हा ट्रेनिंगला माझ्या कार्डावर सव्वा तास. नियम थोडा उलटा वाटतो. जे माणसापासून वेगळं व्हायला हवं ते लिहायचं, आणि जे माणसाचंच आहे ते गाळायचं. मामांच्या एका फोटोचं कॅप्शन असं झालं :

```
photo of rvkmm man, wearing white cloth cap and white kurta, standing in front of banana plants, harsh sunlight, upper body
```

नाक, सुरकुत्या, हनुवटीवरचा तीळ यातलं काहीही लिहिलेलं नाही. पांढरी कापडी टोपी काय असते हे मॉडेलला आधीच माहीत आहे. कॅप्शनमध्ये ती आली की फोटोतल्या टोपीचा हिशोब त्या शब्दांवर जातो आणि `rvkmm` वरचा बोजा कमी होतो. जे लिहिलं नाही ते `rvkmm` मध्ये जाऊन बसतं, आणि आपल्याला तेच हवं आहे. मिशा दोन्हींच्या मधल्या. त्या कायम हव्या असतील तर गाळा, बिनमिशांचं चित्रही हवं असेल तर लिहा. मामांच्या मिशा मी गाळल्या, वेगळं सांगायला नको.

ट्रिगर शब्द, म्हणजे त्या माणसाला चित्रात बोलवायचा `rvkmm` सारखा शब्द, निरर्थक हवा. पहिल्यांदा मी शहाणपणानं `mama` ठेवला होता. इंग्रजीत त्याचा अर्थ आई, आणि मॉडेल शिकलंय इंग्रजीवर. तीन-चार चित्रांत मामांचं नाक घेऊन एक बाई बसलेली. त्याच कारणानं टोपीला `gandhi cap` लिहायचं मी टाळतो. त्या नावाबरोबर मॉडेलला एक चेहराही पाठ आहे, तो आपल्या फोटोत कशाला बोलवायचा?

नव्या कॅप्शननी सूट आला, प्लॅटफॉर्म आला. टोपी दहातल्या सहा चित्रांत राहिली. कॅप्शनची मर्यादा इथं दिसते. गाठ त्यांनी सैल होते, पण १४ पैकी १४ फोटोंत टोपी असेल तर ती पूर्ण सुटत नाही. टोपीशिवाय हा माणूस कसा दिसतो, याचा पुरावाच मॉडेलकडे नाही.

४. फोटोंची चाळणी

नवे फोटो काढायच्या आधी आहेत ते चाळून घ्या. एकाच क्षणाचे तीन फोटो असतील तर एक ठेवा, कारण तिघं मिळून तीच पोझ तिप्पट जोरानं शिकवतात. चौदातले नऊ निघाले तरी हरकत नाही. नऊ वेगवेगळे फोटो चौदा सारख्यांपेक्षा बरे. फोटोत दुसऱ्या कोणाचा अर्धा चेहरा किंवा खांद्यावर हात असेल तर तो भाग कापा. एक तर तोही शिकला जातो, आणि दुसरं म्हणजे त्या माणसानं तुम्हाला परवानगी दिलेली नसते.

टोपी कापून टाकायचा मोह होतो. मीही कपाळापासून वर कापून पाहिलं. टोपी गेली खरी, पण मामांना काळेभोर दाट केस आले. मॉडेलनं डोक्याचा वरचा भाग कधी पाहिलाच नव्हता, मग त्यानं जगातल्या सरासरी पुरुषाचे केस लावून दिले. मामी पदर तोंडाला लावून हसल्या. मामांनी चित्र लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, “हाऊ मी नही, भाचा.” मधला चेहरा अगदी त्यांचा होता, तरी ते बरोबरच बोलत होते.

याच पायरीवर `--flip_aug` चालू आहे का ते पाहा. तो फोटो अधूनमधून आरशात उलटवून शिकवतो. निसर्गचित्राला ठीक, पण माणसाचा चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. मामींचा लोरा केला तेव्हा नथ कधी डाव्या नाकपुडीत, कधी उजव्या, आणि एका चित्रात दोन्हींत. पर्याय बंद केला तरी थोडा घोळ राहिला. शोधलं तर आठ फोटोंतले तीन पुढच्या कॅमेऱ्यानं काढलेले आणि फोननं ते उलटेच साठवलेले निघाले. ते सरळ करून घेतले आणि नथ जागेवर आली. तीळ, गोंदण, भांग, सदऱ्याचा खिसा, यातलं काहीतरी धरून प्रत्येक फोटोची बाजू तपासा.

५. आकडे कमी करा

इथून पुढे वीज आणि वेळ दोन्ही जातात, म्हणून ही तपासणी खाली ठेवली. लोरा मॉडेलचे मूळ आकडे बदलत नाही. ठरावीक थरांशेजारी दोन-दोन अरुंद तक्ते ठेवतो आणि त्यांचा गुणाकार मूळ थरात मिळवतो. एसडीएक्सएलमधला १२८० बाय १२८० चा एक थर घ्या. त्यात १६,३८,४०० आकडे असतात. रँक, म्हणजे या तक्त्यांची रुंदी, १६ ठेवली तर दोन्ही तक्ते मिळून ४०,९६० होतात, म्हणजे अडीच टक्के. रँक ६४ केली तर ते दहा टक्क्यांवर जातात. एका चेहऱ्याला इतकी जागा लागत नाही. उरलेल्या जागेत टोपीची शिवण आणि केळीच्या पानांच्या शिरा जाऊन बसतात.

पहिल्यांदा मी रँक ६४, प्रत्येक फोटो वीसदा आणि १५ इपॉक केले होते. १४ × २० × १५ म्हणजे ४२०० पायऱ्या. भाकरी करपली होती. आता मी इथून सुरू करतो :

```
--caption_extension=".txt"
--network_dim=16
--network_alpha=8
--unet_lr=1e-4
--network_train_unet_only
--max_train_epochs=10
--save_every_n_epochs=1
--no_half_vae
```

फोटो दहादा, इपॉक दहा. चौदा फोटोंना १४०० पायऱ्या होतात, आणि बहुतेक वेळा त्यातली सहावी ते आठवी फाईल कामाची निघते. `network_alpha` ला `network_dim` नं, म्हणजे रँकनं, भागलं की लोराचा जोर मिळतो, इथं तो अर्धा आहे. रँक बदलली आणि अल्फा तसाच ठेवला तर जोरही बदलतो. मग फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही. एका वेळी एकच आकडा बदला आणि फाईलच्या नावात तो लिहून ठेवा.

६. नवे फोटो

खरं सांगायचं तर मामांचं काम इथं झालं. त्यांना भेटून सांगितलं की टोपीशिवाय सहा फोटो लागतील. आमच्याकडे मोठ्या माणसाला टोपी काढायला सांगणं सोपं नाही. ते तयार झाले, पण घरात, दार लावून. त्यांची अट होती की उघड्या डोक्याचे फोटो शिकवायला घे, पण अल्बमला लावू नको आणि कोणाला दाखवू नको. हे आधीच्या कागदावर नव्हतं, म्हणून दुसरा कागद केला. पहिली सही या फोटोंना लागू होत नाही.

सहा फोटो तीन जागी काढले : ओसरीवर, खिडकीजवळ आणि ट्यूबलाइटखाली. सदरे तीन वेगळे. दोन फोटो बाजूनं, एक हसताना. आधीच्या १४ मधले आठ ठेवले आणि हे सहा मिळवले. कॅप्शनमध्ये आठांना टोपी लिहिली, सहांना `bareheaded`. टक्कल लिहिलं नाही, ते मामांचं आहे. पायऱ्या पुन्हा १४०० च. सातव्या फाईलला ०.८ वजनावर दहापैकी दहा चित्रांत मागितली तेव्हाच टोपी आली. आधीच्या पाचही तपासण्यांत मिळून जो फरक पडला नव्हता तो सहा फोटोंनी पाडला. तरी हे शेवटी का ठेवलं, तर माणसाला पुन्हा त्रास द्यायच्या आधी स्वतःची चूक शोधावी म्हणून. कॅप्शनच वाचली जात नसती, तर हे सहा फोटोही वाया गेले असते.

७. सगळेच मामा होत असतील तर

ट्रिगर शब्द काढून, त्याच सीडवर नुसतं `photo of a man` मागा. तरीही मामाच आले, तर `man` हा शब्दच मामांच्या नावावर झालाय. आधी पायऱ्या कमी करून पाहा. नाहीच जमलं, तर २०२२ च्या ड्रीमबूथ या ट्रेनिंगच्या पद्धतीतला उपाय करा. मूळ मॉडेलकडूनच `man` ची शंभरेक चित्रं काढा आणि ती रेग्युलरायझेशनच्या फोल्डरमध्ये `1_man` या नावानं ठेवा. ट्रेनिंगमध्ये तीही आलटूनपालटून दाखवली जातात, म्हणजे बाकीचे पुरुष कसे दिसतात हे मॉडेल विसरत नाही. वेळ साधारण दुप्पट लागतो. अल्बमसाठी माणूस एकटाच हवा असेल, तर या भानगडीत पडू नका.

कुठं थांबायचं

ट्रेनिंग सुरू झाल्यावर दहा-वीस मिनिटांत मशीन आपोआप बंद पडत असेल, तर सेटिंगशी खेळू नका. पॉवर सप्लाय कमी पडतोय, किंवा अर्थिंग आणि व्होल्टेजचा प्रश्न आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा कार्ड तापूनही हे होतं. एकदा रात्रीच्या गारव्यात चालवून पाहा. तरी बंद पडलं किंवा जळका वास आला, तर स्विच काढा आणि हार्डवेअरवाल्याला, नाहीतर वायरमनला बोलवा. पॉवर सप्लायचा डबा स्वतः उघडू नका, वीज काढल्यावरही आत काही काळ करंट राहतो.

नवे फोटो घालून, आकडे कमी करून दोनदा पूर्ण ट्रेनिंग केलं आणि तरी चेहरा लागत नाही, तर तिसऱ्यांदा करू नका. फोटोंचा प्रकाश आणि फोकस चांगल्या फोटोग्राफरला दाखवा. मोबाइलच्या ब्युटी फिल्टरनं गुळगुळीत केलेल्या फोटोंतून खरा चेहरा कोणतंही सेटिंग काढून देणार नाही.

चित्रं धंद्याच्या जाहिरातीत जाणार असतील, माणूस अल्पवयीन असेल, किंवा सही करणारा हयात नसून मुलं परवानगी देत असतील, तर आधी वकिलाकडून कागद करून घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती ठरावीक कामापुरतीच असते आणि दिलेली संमती मागे घेता येते. घरच्या अल्बमला दिलेली सही केळीच्या खोक्यावर चालत नाही.

आणि संमती मागे घेतली किंवा काम संपलं, तर नुसते फोटो पुसून भागत नाही. लोराची फाईल म्हणजे तो चेहराच आहे, ती दर इपॉकची वेगळी असते आणि दहाही पुसाव्या लागतात. नमुन्याच्या चित्रांचं `sample` फोल्डर, पेन ड्राइव्ह आणि ऑनलाइन साठवलेली प्रतही पाहा. सगळ्यात जास्त राहून जातात त्या फोटोंशेजारच्या `.npz` फाईली. त्या उघडून दिसत नाहीत म्हणून कोणी त्यांच्याकडे पाहत नाही, पण मॉडेलच्या डिकोडरमधून काढल्या की जवळपास मूळ फोटोच बाहेर येतो. मामांचे दार लावून काढलेले सहा फोटो मी पुसले होते. त्यांच्या सहा `.npz` मला महिन्याभरानं सापडल्या.